साबणाचं पोझिशनिंग स्टेटमेंट: स्क्रीनवरून पटेल असा एकच फरक निवडा

प्रश्न: मी घरी कोल्ड प्रोसेसने साबण बनवते. तेलं प्रमाणित सेंद्रिय आहेत: 70 टक्के ऑलिव्ह, 25 टक्के खोबरेल, 5 टक्के शिया बटर. चार सुगंधी प्रकार आहेत आणि एक बिनवासाचा. क्युरिंग 8 आठवडे करते. ऑनलाइन मार्केटप्लेससाठी पोझिशनिंग स्टेटमेंट लिहिलंय: ‘निसर्गावर प्रेम करणाऱ्यांसाठी आमचा साबण शंभर टक्के सेंद्रिय, केमिकलमुक्त आणि प्रेमाने हाताने बनवलेला आहे.’ पण तिथे असे शेकडो साबण दिसतात. यात काय बदलू?

उत्तर:

आधी एक करून बघा. तुमच्या वाक्यात तुमच्या ब्रँडच्या जागी सर्चमध्ये वर येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही हस्तनिर्मित साबणाचं नाव घाला. वाक्य जसंच्या तसं चालतं. म्हणजे ते सगळ्या हस्तनिर्मित साबणांचं वर्णन झालं, त्यात तुमचं असं काहीच आलं नाही.

शिवाय त्यातले दोन दावे टिकणारे नाहीत, ते आजच काढा. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण होत नाही, त्यामुळे ‘केमिकलमुक्त’ हे सरळ चूक आहे. तयार वडीत मोकळा सोडा उरत नाही हे खरं, पण साबण झाला तो त्याच्यामुळेच. ‘शंभर टक्के सेंद्रिय’चंही तसंच. तुमच्या प्रमाणात 1 किलो तेलाला, 5 टक्के सुपरफॅट म्हणजे साबण न होता तसंच उरणारं तेल धरून, साधारण 139 ग्रॅम सोडा लागतो. पाणी सोडलं तर घातलेल्या मालाच्या वजनात तो 12 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि सोडा काही शेतात पिकत नाही. अमेरिकेच्या यूएसडीए नियमांत नुसतं ‘ऑरगॅनिक’ म्हणायला पाणी आणि मीठ वगळून 95 टक्के घटक सेंद्रिय लागतात. म्हणून बरेच प्रामाणिक साबणवाले ‘सेंद्रिय तेलांपासून बनवलेला’ एवढंच लिहितात. तुम्हीही तेच लिहा. तुमच्या तेलांना प्रमाणपत्र आहे, त्यामुळे हे वाक्य तुम्हाला कधीही सिद्ध करता येईल.

आता मुख्य मुद्दा. प्रदर्शनात हस्तनिर्मित साबण विकला जातो तो नाकामुळे. माणूस वडी उचलतो, हुंगतो, घेतो. ऑनलाइन हे घडतच नाही. तुमचे चारही सुगंध तिथे लिस्टिंगमधले शब्द होऊन बसतात, आणि तेच शब्द बाकीच्यांकडेही असतात. बिनवासाच्या प्रकाराचं मात्र ऑनलाइन काहीच बिघडत नाही. ‘यात सुगंध नाही’ हे स्क्रीनवरून पूर्ण कळतं आणि घटकांच्या यादीवरून तपासता येतं. शिवाय सुगंधावरच ब्रँड उभा केलेले विक्रेते सहसा तुमच्या मागे येणार नाहीत, कारण त्यांना स्वतःचाच माल बाजूला सारावा लागेल. तुम्ही कदाचित पाचवा, उरलासुरला म्हणून ठेवलेला हा प्रकार. मी असते तर त्यालाच पुढे केलं असतं.

याला गिऱ्हाईक आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. मार्केटप्लेसवर हस्तनिर्मित साबणांचे दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू वाचायला बसा. एक स्टारवाले बहुतेक डिलिव्हरीवर चिडलेले असतात आणि पाच स्टारवाले खूश असतात. मधल्या लोकांना वस्तू आवडायला हवी होती, पण काहीतरी खटकलं, आणि ते काय हे ते नेमकं सांगतात. वही घेऊन त्यांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत उतरवा. ‘वास फार उग्र आहे’, ‘घरात एकाला सुगंध चालत नाही’ अशा तक्रारी पुन्हा पुन्हा दिसल्या तर जागा आहे. त्याऐवजी ‘चार दिवसांत लगदा झाला’ हेच जास्त दिसलं, तर पुढे करण्यासारखी गोष्ट तुमचं 8 आठवड्यांचं क्युरिंग आहे, कारण तेवढ्या काळात वडी सुकून कडक होते, आणि स्टेटमेंट त्यावर बांधावं लागेल.

पहिलं निघालं असं धरून पुढे जाऊ. तुलना कोणाशी करायची हे स्टेटमेंटमध्ये स्वच्छ लिहायचं असतं, आणि इथे बरेच जण घसरतात. सुगंध टाळणारा माणूस आज बहुधा सिंडेट बार वापरतो, म्हणजे सोड्याने बनवलेल्या साबणाऐवजी कृत्रिम क्लीन्झरची वडी. मग ‘सिंडेटपेक्षा सौम्य’ असं लिहावंसं वाटतं. लिहू नका. खऱ्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो आणि सिंडेट त्वचेच्या पीएचच्या जवळ बनवता येतो. त्या मैदानात तुम्ही हरता, आणि एखादा जाणकार रिव्ह्यूमध्ये तसं लिहूनही जाईल. तुमची तुलना सुगंधी हस्तनिर्मित साबणांशी ठेवा. ज्याला तेलाचा, हाताने बनवलेला साबणच हवा आहे पण वास नको, तो तुमचा माणूस.

त्या हिशोबाने मसुदा असा:

‘ज्यांना हाताने बनवलेला तेलाचा साबण हवा आहे पण त्यात सुगंध अजिबात नको, अशांसाठी (ब्रँडचं नाव) हा सेंद्रिय ऑलिव्ह तेल मुख्य असलेला अंघोळीचा साबण आहे. बहुतेक हस्तनिर्मित साबणांत परफ्यूम किंवा इसेन्शियल ऑइल असतं. आमच्या कुठल्याच वडीत यातलं काही नसतं. पूर्ण घटक आणि वडी साच्यात ओतल्याची तारीख प्रत्येक वेष्टनावर छापलेली असते.’

‘इसेन्शियल ऑइल’ मुद्दाम घातलंय. वनस्पतीपासून काढलेलं म्हणजे त्रास होणार नाही, असा समज असतो. पण लॅव्हेंडरच्या तेलातलं लिनालूल आणि संत्र्याच्या सालीच्या तेलातलं लिमोनीन हवेने ऑक्सिडाइज झालं की काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. हे माहीत असलेलं गिऱ्हाईक नेमका तोच शब्द यादीत शोधतं. म्हणून तुम्ही ‘ॲलर्जी होणार नाही’ किंवा ‘एक्झिमावर गुणकारी’ असं मात्र लिहू नका. खोबरेलाचा साबणही कोणाला कोरडा पडू शकतो, आणि आजाराचं नाव घेतलं की बऱ्याच देशांत तो साबण औषधाच्या नियमांत जातो. अशा एखाद्या शब्दामुळे लिस्टिंगही उडू शकते.

‘कुठल्याच वडीत’ हा सगळ्यात महाग शब्द आहे. तो ठेवायचा तर चार सुगंधी प्रकार या नावाखाली विकता येणार नाहीत. ते प्रदर्शनांत वेगळ्या नावाने विका, किंवा बंद करा. एकाच दुकानात लॅव्हेंडर आणि ‘आम्ही सुगंध घालत नाही’ शेजारी दिसलं की वाचणाऱ्याचा दोन्हींवरचा विश्वास उडतो. हे जमणार नसेल तर हे स्टेटमेंट घेऊ नका, क्युरिंगवालं घ्या. ते पाचही प्रकारांना लागू होतं.

स्टेटमेंट लिस्टिंगमध्ये जसंच्या तसं चिकटवायचं नाही. मोबाइलवर लांब शीर्षक कापलं जातं, म्हणून ‘बिनवासाचा’ आणि ‘ऑलिव्ह’ अगदी सुरुवातीला हवेत, ब्रँडचं नाव नंतर. पहिल्या फोटोत फुलं आणि पानं नकोत, ती सुगंध सुचवतात. साधी वडी आणि घटक दिसणारं वेष्टन पुरे. वर्णनात स्वतःहून सांगा की ऑलिव्ह जास्त असल्यामुळे फेस मोठा येत नाही, साईसारखा येतो, आणि तेलाचा स्वतःचा हलका वास असतो.

लागू पडलं की नाही हे पहिल्या काही रिव्ह्यूंतून कळेल. लोक आपणहून ‘अखेर बिनवासाचा मिळाला’ या धाटणीचं लिहू लागले तर योग्य माणसं येताहेत. ‘वासच येत नाही’ अशी तक्रार आली तर स्टेटमेंटला हात लावू नका. आधी शीर्षक आणि पहिला फोटो बघा, कारण चुकीचं गिऱ्हाईक तिथूनच आत शिरलेलं असतं.