लिंबच्या विहिरीचा फोटो आणि तुझा रात्रीचा मेसेज

प्रिय,

रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, "ताई, आत्ता कमेंटमध्ये जाऊन धुऊन काढते त्यांना." सकाळपर्यंत थांबलीस, बरं केलंस. तुझी विहिरीची पोस्ट आणि तुझे फोटो-मजकूर उचलणाऱ्या त्या पेजची पोस्ट, दोन्ही आता शेजारी उघडून नीट बघितल्या.

चोरी उघड आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीच्या कमानीवर बसलेली दोन कबुतरं तुझ्या फोटोत आहेत, तीच त्यांच्याही फोटोत आहेत. त्यातल्या एकाचा पंख अर्धा उघडा आहे. त्या जागेवरून रोज शंभर लोक फोटो काढतात, त्यामुळे कोन सारखा असणं हा काही पुरावा नाही. कबुतराचा पंख मात्र पुरावा आहे. खालच्या कोपऱ्यातलं तुझं नाव त्यांनी कापून टाकलंय. मजकुरात पहिलं वाक्य बदललं, बाकी जसंच्या तसं. तुझ्या घाईत 'कोनाडे'चं 'कोनडे' झालं होतं, तेसुद्धा इमानाने उतरवून घेतलंय! ती चूक आता लगेच दुरुस्त करू नकोस. निदान आधी स्क्रीनशॉट घे.

कमेंटमध्ये का जाऊ नको म्हणते, ते माझ्याच फजितीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी माझा एका बारवेचा फोटो असाच उचलला गेला. मी पेजचं नाव घेऊन खरमरीत पोस्ट लिहिली. दहा मिनिटांत त्यांनी फोटो काढला, मला ब्लॉक केलं आणि "आमच्यावर खोटे आरोप" अशी पोस्ट टाकली. माझ्याकडे एकही स्क्रीनशॉट नव्हता. माझ्या बाजूच्या लोकांनी तिकडे जाऊन शिव्या घातल्या. मागाहून कळलं, की पेज चालवणारा अकरावीतला मुलगा होता आणि फोटो त्याला व्हॉट्सॲपवर बिननावाचा आला होता. त्याने चूक केलीच होती, पण तेवढ्या शिव्या खाण्याइतकी नाही.

म्हणून आधी पुरावा, मग तोंड उघडायचं. त्यांच्या पोस्टची लिंक कॉपी कर. नुसता फोटोचा स्क्रीनशॉट पुरत नाही. पेजचं नाव, तारीख आणि मजकूर एकत्र दिसायला हवा. त्यांच्या प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंगही करून ठेव. हे सगळं स्वतःलाच ईमेल कर, म्हणजे त्यावर तारीख राहील. मग कॅमेऱ्यातली मूळ फाइल शोध. पोस्ट केलेला फोटो ॲप लहान करतं आणि त्यातली कॅमेऱ्याची माहितीही बहुधा काढून टाकतं. त्यामुळे त्यांच्याकडे लहान, कापलेली प्रत आहे आणि तुझ्याकडे पूर्ण आकाराची, कडांसकट. त्याच्या आधीचा आणि नंतरचा फोटोही कार्डवर असेल, तोही जपून ठेव. कबुतरं उडायच्या आधीचा आणि उडाल्यानंतरचा फोटो दुसऱ्या कुणाकडे असणार?

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही. त्यांनी उचललेल्या चार फोटोंपैकी चौथ्यात तू स्वतः पायरीवर बसली आहेस. तो कुणी काढला? तुझ्या भावाने ना? आपल्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. कॅमेरा तुझा असला आणि चेहरा तुझा असला तरी तो फोटो त्याचा. तेव्हा त्या फोटोबद्दल एकतर तो तक्रार करेल, नाहीतर त्याच्या लेखी संमतीने तू कर. तसंच मजकुराचं. विहिरीला बारा मोटा होत्या, तिचा आकार शिवपिंडीसारखा आहे, ही माहिती कुणाच्याच मालकीची नाही. ती त्यांनी स्वतःच्या शब्दांत लिहिली असती तर तुला एक अक्षर बोलता आलं नसतं. "पायऱ्या उतरताना आपलाच आवाज आपल्या आधी खाली पोचतो" हे वाक्य मात्र तुझं आहे. बोट तिथेच ठेव. कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही, लिहिलंस तेव्हाच तो तुझा झाला.

मग त्यांना खासगी मेसेज कर. पाल्हाळ नको, टोमणा नको आणि "वकिलाशी बोलले आहे" अशी थापही नको. बिनबुडाच्या कायदेशीर धमकीविरुद्ध समोरच्याला कोर्टात जाता येतं, त्याच कायद्यात तसं 60 वं कलम आहे. मी असं लिहिलं असतं:

"नमस्कार. आपल्या पेजवरील या पोस्टमधले पहिले तीन फोटो आणि मजकूर माझे आहेत. माझी मूळ पोस्ट आपल्या पोस्टच्या बारा दिवस आधीची आहे. दोन्ही लिंक सोबत आहेत. मी वापराची परवानगी दिलेली नाही. कृपया गुरुवारी संध्याकाळी 6 वाजेपर्यंत पोस्ट काढावी आणि मला कळवावे."

एवढंच. काय हवं ते पाठवण्याआधी ठरव, काढून टाकणं की नाव देणं. दोन्ही पर्याय दिलेस तर पोस्टच्या तळाशी "साभार" लिहून ते मोकळे होतील. नाव कापलेलं आहे म्हणून मी इथे काढायलाच सांगेन. "फोटो इंटरनेटवरून साभार" हे उत्तर येईलच. त्यावर वाद घालू नकोस. साभार म्हणजे परवानगी नव्हे, एवढं एकदा लिही आणि गुरुवारची आठवण दे.

गुरुवार उलटला तर ॲपचा कॉपीराइटचा फॉर्म भर. पोस्टवरच्या तीन टिंबांतून 'स्पॅम' म्हणून तक्रार केलीस तर ती भलत्याच रांगेत जाते. मैत्रिणींना "सगळ्याजणी रिपोर्ट करा" असंही सांगू नकोस. कॉपीराइटची तक्रार फक्त मालकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाचीच धरतात. फॉर्ममध्ये दोन्ही लिंक आणि खरं नाव लागतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर हे नाव आणि ईमेल समोरच्यालाही कळू शकतं. म्हणून घरचा नको, पेजसाठी वेगळा ईमेल दे. तीन फोटो तुझे असतील तर तीनच लिही. चौथा ओढूनताणून घातलास तर खऱ्या तिघांवरही शंका येते.

पोस्ट निघाली तरी ते उलट दावा करू शकतात. भारतातल्या 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार लेखी तक्रारीनंतर मजकूर 36 तासांत अडवायची तरतूद आहे, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. तीन फोटोंसाठी मी कोर्टाची पायरी चढणार नाही. उद्या कुणी तेच फोटो कॅलेंडरवर छापून विकले, तर मात्र वकील गाठायचा.

तुझ्या वाचकांनी विचारलं तर "कळवलं आहे, उत्तराची वाट बघतेय" एवढंच सांग. पेजचं नाव घेऊ नकोस.

भावाला आज विचारून घे. मेसेज पाठवायच्या आधी मला दाखव, आणि लिंक चिकटवल्यावर एकदा उघडून बघ. मागे तू मला दोनदा चुकीचीच पाठवली होतीस.

तुझी,
ताई