एजन्सीने दिलेला ‘बंडखोर’ आमच्या चटणीला शोभतो का?

प्रश्न: कोल्हापुरात आमचा कांदा-लसूण चटणीचा घरगुती धंदा आहे. माल जास्त करून पुण्या-मुंबईला जातो. एजन्सीने आमचा ब्रँड आर्केटाइप, म्हणजे ब्रँडचा ठरावीक स्वभाव, ‘बंडखोर’ ठरवलाय, कारण कोल्हापूर म्हणजे रांगडं आणि झणझणीत. हे बरोबर आहे का, कसं ओळखायचं?

उत्तर: एजन्सीने प्रोफाइल गावाचं केलंय, तुमचं नाही. रांगडेपणावर इथला प्रत्येक चटणीवाला हक्क सांगू शकतो.

ब्रँडिंगवर लिहिणाऱ्या मार्क आणि पिअरसन यांनी 2001 मध्ये मांडलेले 12 आर्केटाइप चार ओढींत विभागलेत: स्थैर्य, आपलेपणा, स्वातंत्र्य आणि जोखीम घेऊन काही बदलणं. बंडखोर या शेवटच्या गटातला. म्हणून आधी गिऱ्हाईक कोणत्या ओढीने येतं ते बघा, नाव नंतर.

परत परत मागवणाऱ्या पंधरा-वीस जणांना फोन लावा. ‘आमचा ब्रँड कसा वाटतो?’ असं विचारू नका, लोक गोड बोलून मोकळे होतात. ‘पाकीट संपलं आणि आमचं मिळालं नाही, तर काय करता?’ असं विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवा. माझ्या ओळखीच्या एका चटणीवाल्याने हे केलं. ‘जाळ’ म्हणणारे एक-दोघेच निघाले. बाकीच्यांचं म्हणणं, ‘सासूबाईंना आता डंकावर जाणं होत नाही’, ‘पोरगा होस्टेलला नेतो’, ‘दर वेळी चव तीच असते’. यात बंड कुठंय? ही स्थैर्याची ओढ आहे, आणि त्या गटात ‘सांभाळणारा’ जवळचा. ‘आपल्यातला माणूस’ही चालला असता, पण तो आपलेपणाच्या गटातला, आणि इथं चव न बदलण्याचा भरवसा जास्त बोलत होता.

दुसरी बाजू कंपनीची. भिंतीवरची मूल्यं सोडा, पैसे गेले तेव्हाचे निर्णय काढा. ओलसर मिरची आली तेव्हा परत पाठवली, की वाळवून वापरली? पाकीट फुटल्याची तक्रार आली की कोण बोलतं, कसं बोलतं? त्या चटणीवाल्याकडे बायका रोज थोडी चटणी भाकरीबरोबर खाऊन बघायच्या आणि मगच पाकिटं भरायला घ्यायच्या. समजा तक्रारीला उत्तर ‘माल तसाच असतो’ असं जात असेल, तर गिऱ्हाईक काहीही म्हणो, ‘सांभाळणारा’ तुम्हाला पेलणार नाही. तिथं आधी वागणं बदलावं लागेल.

मग एका पानाचं प्रोफाइल: गिऱ्हाइकाला काय हवं, कशाची भीती, आपण काय देतो, कसं बोलतो आणि हा स्वभाव बिघडला तर काय होतो. सांभाळणारा बिघडला की ‘आईची आठवण येत नाही का?’ असं टोचायला लागतो. ते पाकिटावर नको.

शेवटी तीन वेगवेगळ्या सुरांतला मजकूर नाव झाकून जुन्या गिऱ्हाइकांना आणि कामावरच्या बायकांना दाखवा. दोघांनी वेगवेगळा निवडला, तर प्रोफाइल अजून कच्चं आहे. हे काही शास्त्रीय मोजमाप नाही, विक्री किती वाढेल ते यातून कळत नाही. बोलण्यात मेळ राहतो, एवढंच.

बंडखोर सूर फार आवडला असेल, तर लवंगी मिरचीच्या जहाल पाकिटावर वापरून बघा. मुख्य लेबल तूर्त छापू नका, आणि एजन्सीकडून गिऱ्हाइकांच्या मुलाखतींच्या नोंदी मागून घ्या.