सेट-टॉप बॉक्सला स्मार्ट कार्ड सापडत नसेल तर

प्रश्न: दादरला राहतो. पावसाळा सुरू झाल्यापासून बॉक्सवर ‘स्मार्ट कार्ड सापडत नाही’ येतंय, कधी बॉक्स सुरू होतानाच अडकतो. घरी काय तपासू?

उत्तर: मुंबईच्या दमट, खारट हवेत कार्डाच्या सोनेरी चिपवर थर चढतो आणि बॉक्सला कार्ड वाचता येत नाही. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मगच कार्ड काढा. चालू बॉक्समधून ओढू नका. चिप कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा. डाग राहिला तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब पुरतो. खोडरबर वापरू नका, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. कार्ड बाणाच्या दिशेने पूर्ण आत सरकवा. बहुतेक बॉक्समध्ये चिप खाली असते.

आता संदेश बदलून ‘सबस्क्रिप्शन नाही’ असा आला, तर कार्ड वाचलं जातंय, अडचण रिचार्जची आहे. शेजाऱ्यांचं कार्ड घालून पाहू नका. कार्ड सहसा त्याच बॉक्सशी जोडलेलं असतं.

बॉक्स सुरुवातीलाच अडकत असेल तर यूएसबी काढून ठेवा आणि अडॅप्टर बदलून पाहा. व्होल्टेज लेबलवरचंच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त. कमकुवत अडॅप्टरवर दिवा लागतो, पण बॉक्स पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो. तरीही अडकला तर केबलवाल्याला बोलवा.