मीठ वाढवूनही ०.७५ व्होल्टच का?

प्रश्न (नाशिक): मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मिठाच्या पाण्यात तांब्याची आणि जस्ताची पट्टी ठेवली. पुस्तकात १.१ व्होल्ट दिलंय, मीटर ०.७५ दाखवतो. मीठ वाढवलं, मोठ्या पट्ट्या लावल्या, तरी तेवढंच. काय चुकतंय?

उत्तर: चुकत काहीच नाही. तुमचा सेल पुस्तकातला सेल नाही, एवढंच.

जस्त पाण्यात विरघळतं आणि प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन पट्टीत सोडतं. ते तारेतून तांब्याकडे जातात. पण तिथे त्यांना घेणार कोण? पुस्तकातल्या सेलमध्ये तांब्याचे आयन घेतात. तुमच्या ग्लासात ते जवळजवळ नाहीतच, म्हणून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन घेतो. तांबं नुसता ओटा पुरवतं. व्होल्टेज ठरतं ते दोन्ही पट्ट्यांवर कोणती क्रिया चालते त्यावर, आणि ऑक्सिजनची क्रिया तांब्यावर रडतखडत चालते. म्हणून ०.७ ते ०.८.

मीठ फक्त पाण्यातून प्रवाह वाहून नेतं. मीठ वाढवलं किंवा पट्ट्या मोठ्या केल्या, तर सेलचा अंतर्गत रोध घटतो आणि जास्त प्रवाह मिळू शकतो, पण व्होल्टेज वाढत नाही. पडताळायचं असेल तर मीटरच्या दोन टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर जोडा. आकडा घसरेल, कारण तांब्याजवळचा ऑक्सिजन संपतो आणि नवा हळूहळू पोचतो. पाणी ढवळलं की आकडा थोडा वर येतो.

१.१ हवं असेल तर तांब्याचे आयन देणारं मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, आणा. द्राक्षबागांमुळे आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात बोर्डो फवारणीसाठी मिळतंच, झिंक सल्फेटही तिथेच. एका ग्लासात पाण्यात २५ ग्रॅम मोरचूद विरघळवून १०० मिली करा, त्यात तांबं. दुसऱ्यात तसंच २९ ग्रॅम झिंक सल्फेट (हेप्टाहायड्रेट), त्यात जस्त. पट्ट्या आधी काचपेपरने घासा. मिठाच्या पाण्यात भिजवलेली सुती कापडाची पट्टी दोन्ही ग्लासांत सोडा. आकडा १.१ च्या आसपास येईल. कापड काढलं की सर्किट तुटतं, हे मुलीने परीक्षकांना करून दाखवावं.

दोन्ही पट्ट्या एकाच मोरचुदात मात्र बुडवू नका. जस्तावर लगेच काळसर-लाल तांबं साचतं आणि इलेक्ट्रॉन तारेने न जाता तिथल्या तिथे संपतात. मोरचूद विषारी आहे, ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नको.

इथे द्रावणाची तीव्रता व्होल्टेजला लागते, पण किंचित. मोरचूद दहापट पातळ केलं तर साधारण ०.०३ व्होल्टच कमी होतात.

लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात, म्हणजे असे दोन सेल ओळीने. प्रत्येकाचे ग्लास वेगळेच हवेत, एकाच पातेल्यात जोड्या ठेवल्या तर व्होल्टेजची बेरीज होत नाही. आणि जस्त म्हणून गॅल्व्हनाइज्ड पत्रा वापरत असाल तर थर पातळ असतो. तो झिजून लोखंड उघडं पडलं की आकडा आपोआप उतरतो.