कार्ब सायकलिंग की रोज सारखेच कार्ब?

प्रश्न: वजन कमी करतोय, आठवड्यातून चार दिवस वेट ट्रेनिंग करतो. व्यायामाच्या दिवशी जास्त आणि सुट्टीच्या दिवशी कमी कार्ब घेतल्याने खरंच फरक पडतो का?

उत्तर: चरबी कमी होण्यात नाही. आठवड्याच्या एकूण कॅलरी आणि प्रोटीन तेवढेच असतील, तर कार्बची वाटणी कशीही केली तरी चरबी जवळपास सारखीच घटते. रोज 250 ग्रॅम म्हणजे आठवड्याला 1750. चार दिवस 325 आणि तीन दिवस 150 घेतले, तरी बेरीज 1750च.

गफलत वजनकाट्यामुळे होते. स्नायूंत कार्ब ग्लायकोजेनच्या रूपात साठतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी साठतं. त्यामुळे 150च्या दिवसानंतर काटा खाली येतो आणि 325नंतर वर जातो. ते पाणी असतं, म्हणून सात दिवसांची सरासरीच बघा.

दुसरी अडचण वेळेची. सुट्टीच्या दिवशी स्नायू रिकामे बसत नाहीत, आदल्या व्यायामात खर्च झालेलं ग्लायकोजेन तेव्हा भरून निघत असतं. रविवारी कार्ब कापून सोमवारी सकाळी जड स्क्वॉट केले, तर शेवटच्या सेटमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन रेप्स कमी निघू शकतात. सकाळी व्यायाम करत असाल तर जास्त कार्ब आदल्या संध्याकाळी घ्या.

वाटणी खरी कामाला येते ती दिवसातून दोनदा सराव करणाऱ्यांना किंवा दीड तासाहून जास्त धावणाऱ्यांना. तुमच्यासाठी रोज सारखं प्रमाण पाळणं सोपं, आणि त्यातले निम्मे व्यायामाच्या आगेमागे घेतले तरी पुरे.