पूर्णविराम ‘आहे’पाशी अडला होता

“माझी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. इंग्रजी वाक्यं लिहिते, पण फुलस्टॉप देतच नाही. कॅपिटल अक्षरं मात्र शब्दाच्या मध्येच टाकते. टीचर रोज लाल गोल करून पाठवतात. मी रोज दहा वाक्यं लिहून घेते, तर ती रडायला लागते. तिच्यात काही दोष आहे का? डिस्लेक्सिया तर नसेल ना?” – एक आई, चोपडा तालुका

ताई, गेल्या वर्षी जुलैमध्ये अमळनेर तालुक्यातल्या एका कापूस पिकवणाऱ्या घरातला मुलगा माझ्याकडे आला होता. तोही दुसरीतला, आणि तक्रार अगदी हीच. त्याची गोष्ट सविस्तर सांगते. घरच्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असं काही त्यात ठेवलेलं नाही.

सोबत आई आणि आजी आल्या होत्या. आईचं म्हणणं, त्याचं लक्ष नसतं. आजी अहिराणीत म्हणाली, “तो बोलस ते थांबसच नही.” तिच्या या वाक्याने मला नंतर बरीच मदत केली.

मी त्याला काहीही लिहायला लावलं नाही, त्याच्या वह्या मागितल्या. इंग्रजीच्या वहीत दोन तऱ्हेची पानं होती. एका तऱ्हेत टीचरने छापील सुरुवात दिलेली आणि मुलाने वाक्य पुरं करायचं: ‘आय सी अ…’, ‘माय बॅग इज…’. एका ओळीत एक वाक्य. अशा पानांवर जवळपास प्रत्येक ओळीला फुलस्टॉप होता. दुसऱ्या तऱ्हेत ‘माय फॅमिली’वर मनाने लिहायचं होतं. तिथे आठ वाक्यांत मिळून दोनच फुलस्टॉप. त्यातला एक ओळ संपली तिथे, म्हणजे वहीच्या कडेला, वाक्य अर्धंच असताना. दुसरा तर ‘माय आजी इज’ याच्यापुढे, आणि मग ‘गुड’.

त्या दुसऱ्या फुलस्टॉपने मला थांबवलं. ‘इज’पाशी कुणी का थांबावं?

मग मी मराठीची वही उघडली. तिथे पूर्णविराम जवळजवळ सगळे जागच्या जागी. ‘माझी आजी चांगली आहे.’ ‘ती भरीत करते.’ मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘आहे’, ‘करते’, ‘गेला’ कानावर पडलं की वाक्य संपलं. अहिराणीतही तसंच, ‘शे’ आला की बोलणं पुरं झालं. हे आपण मुलांना कधी शिकवत नाही, त्यांचा कान ते आपोआप धरतो. इंग्रजीत मात्र क्रियापद मधेच येऊन जातं आणि वाक्य पुढे चालूच राहतं. तेव्हा हा मुलगा ‘इज’पाशी थांबला, कारण त्याच्या कानाला तिथे ‘आहे’ ऐकू आलं होतं. बाकी ठिकाणी शेवटाची खूणच सापडली नाही, म्हणून तो आजी म्हणाली तसा थांबलाच नाही. त्याला फुलस्टॉपचा नियम तोंडपाठ होता. अडचण एकच होती, इंग्रजी वाक्य कुठे संपतं ते त्याला ऐकू येत नव्हतं.

रोज दहा वाक्यं लिहून घेण्याने हे सुधारत नाही, ते यामुळेच. मुलाला न ऐकू येणारी जागा आपण दहा वेळा चुकवायला लावतो.

शब्दाच्या मधल्या कॅपिटलची गोष्ट वेगळीच निघाली. त्याने ‘रेड’मध्ये कॅपिटल डी लिहिला होता आणि ‘रॅबिट’मध्ये कॅपिटल बी. सगळी पानं चाळली, तर मधे शिरलेली कॅपिटल अक्षरं ही दोनच. स्मॉल बी आणि स्मॉल डी ही आरशातली जोडी असते, पोट कुठल्या बाजूला ते मुलं विसरतात. कॅपिटल बी आणि डी मात्र एकाच दिशेला तोंड करून उभे असतात, तिथे गोंधळ होत नाही. म्हणून त्याने चुकणार नाही ते अक्षर निवडलं होतं. याला कॅपिटलचे नियम शिकवून काय होणार? बी-डीचा सराव वेगळा दिला आणि हा प्रश्न फुलस्टॉपच्या कामातून बाजूला काढला. तुम्हीही मुलीच्या वहीत आधी हेच पाहा: मधे येणारी कॅपिटल अक्षरं ठरावीक एक-दोनच आहेत की कुठलीही.

पहिला आठवडा पेन्सिल नाही. मी घरच्या गोष्टींवर छोटी इंग्रजी वाक्यं बोलायचे आणि दोन प्रश्न मराठीत विचारायचे: “कोणाबद्दल? आणि त्याचं काय?” ‘माय आजी’ म्हटलं की पहिल्याचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं नाही. ‘माय आजी इज’ म्हटलं तरी तो मान हलवून म्हणायचा, “कशी ते सांगितलंच नाही.” ‘माय आजी इज गुड’ झालं की टाळी. तीन दिवसांत ‘इज’पाशी थांबणं गेलं.

मग कागदाच्या पट्ट्या. एका पट्टीवर एक वाक्य, फुलस्टॉपशिवाय. अशा चार पट्ट्या ओळीच्या शेवटाची पर्वा न करता एकापुढे एक चिकटवल्या. ओळ संपली की पट्टी कापून उरलेला तुकडा खालच्या ओळीत. आता वाक्यं ओळीच्या मध्येच संपू लागली. तो बोट ठेवून मोठ्याने वाचायचा आणि वाक्य संपलं की तिथे दादर ज्वारीचा एक दाणा ठेवायचा. चारही दाणे ठेवून झाले की पुन्हा वाचायचं, चुकलेला दाणा सरकवायचा, आणि मगच दाणा उचलून तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचा. दाणा सरकवता येतो, खोडावा लागत नाही, म्हणून या मुलाची भीती इथे बरीच कमी झाली. ठिपक्याची जागाही दाखवावी लागली. देवनागरी अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, इंग्रजी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात. त्यामुळे हा मुलगा ठिपका वर अधांतरीच देत होता. चाररेघी वहीत वरून तिसरी रेघ दाखवली: स्मॉल ए जिथे बसतो, तिथेच फुलस्टॉप.

हे पट्ट्यांचं काम सोडू नका. एका ओळीत एक वाक्य असलेली पानं भरून मूल एवढंच शिकतं की ओळ संपली की ठिपका द्यायचा. पान पूर्ण बरोबर दिसतं, आपल्याला वाटतं जमलं. शंका असेल तर मुलीला दोन छोटी वाक्यं एकाच ओळीत लिहायला सांगा. मधला ठिपका आला नाही, तर तिला अजून ओळच दिसते आहे, वाक्य नाही.

त्यानंतर सुरुवात दिलेली वाक्यं पुन्हा आणली. पण ती निवडून घ्यावी लागतात. पहिल्या खेपेला दोन-तीन शब्दांत संपतील अशीच घेतली: ‘आय सी अ…’, ‘आय हॅव अ…’, ‘माय आजी मेक्स…’, ‘अवर बुल इज…’, ‘द कॉटन इज…’. पुढचा शब्द मुलाच्या घरातला असला की त्याला आठवत बसावं लागत नाही, सगळं लक्ष शेवटाकडे राहतं. ‘माय आजी मेक्स भरीत’ हे त्याचं आवडतं वाक्य होतं. भरीत हा शब्द इंग्रजीत चालेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खुशाल चालेल, घरच्या पदार्थाचं नाव आहे, मधे आलं तर स्मॉल बीने लिही.

काही सुरुवाती मी दुसरीत देतच नाही. ‘वन डे…’ दिलं की मूल अख्खी गोष्ट ‘अँड देन’ने जोडत जातं आणि फुलस्टॉपला जागाच उरत नाही. ‘व्हेन आय गो होम…’ दिलं की ते ‘होम’पाशी ठिपका देतं, कारण कोण आणि काय दोन्ही सांगून झालेलं असतं. आपली दोन प्रश्नांची युक्ती इथे फसते. ‘बिकॉज’चंही तेच. हे सगळं पुढच्या वर्गांत.

दोन आठवड्यांनी फुलस्टॉप बऱ्यापैकी आले, पण पुढच्या वाक्याचं पहिलं अक्षर स्मॉलच. चूक माझी होती. छापील सुरुवातीत कॅपिटल आयतंच मिळत होतं, ते त्याला स्वतः कधी करावंच लागलं नव्हतं. म्हणून सुरुवातीचे शब्द चिठ्ठ्यांवर मुद्दाम स्मॉल अक्षरांत लिहून डब्यात टाकले. चिठ्ठी काढायची, वहीत उतरवताना पहिलं अक्षर बदलायचं. वाक्यात कुठेही आला तरी कॅपिटलच राहणारा ‘आय’ तेवढा चिठ्ठीवरही कॅपिटल ठेवला. इथे मी त्याला म्हणाले, “दाण्यानंतरचं अक्षर उंच.” त्याने लगेच विचारलं, “मॅडम, स्मॉल एचपण उंच असतो ना?” बरोबर होतं त्याचं. स्मॉल बी, डी, एच, के, एल हेही वरच्या रेघेला जातात. तेव्हापासून ‘उंच’ हा शब्द सोडला आणि कॅपिटल-स्मॉल जोड्यांचा तक्ता वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला. मराठी लिपीत अशी जोडी नाहीच, त्यामुळे हा भाग मुलाला अगदी नवा असतो, तुलनेला काही नसतं. त्याचं स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि वारांची नावं हे त्यानंतर घेतलं, एकेक करून.

रोज तीनच वाक्यं, दहा मिनिटं. ज्या दिवशी फुलस्टॉप पाहायचा, त्या दिवशी स्पेलिंगला हात लावायचा नाही. लाल गोलांबद्दल आईने टीचरशी बोलून घेतलं. टीचरनेही महिनाभर एकाच गोष्टीवर खूण करायचं मान्य केलं.

डिस्लेक्सियाचं विचारलंत. बी-डीची उलटापालट सात-आठ वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांत दिसते, तेवढ्यावरून काही ठरत नाही. मुलगी मराठीत बोलताना पुरी वाक्यं बोलते का, ओळखीचे सोपे शब्द वाचते का, हे पाहा. त्यातही ती बरीच अडखळत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग तज्ज्ञांना दाखवा. अध्ययन अक्षमतेची अधिकृत चाचणी साधारण तिसरीत किंवा आठ वर्षांनंतर करतात. पण अडचण दिसत असेल तर मदतीसाठी तोवर थांबू नका.

पोळ्यानंतर तो मुलगा वही घेऊन आला. बैलांवर चार वाक्यं, मनाने लिहिलेली, डब्यातली चिठ्ठी न घेता. दुसऱ्या वाक्याचा फुलस्टॉप राहिला होता. मी काही बोलले नाही. तो बोट ठेवून वाचत गेला, ‘ही इट्स पुरणपोळी’ म्हणून थांबला, पुढच्या शब्दाच्या स्मॉल एमकडे बघितलं, आणि खिशातून पेन्सिल काढली.