एकच माप, एकच रंग नको. पाटीची जागा ठरवा

प्रश्न: जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्यांसाठी नियमावली करतोय. सगळ्यांना एकच माप आणि एकच रंग दिला तर रस्ता नीटनेटका दिसेल ना?

नाही दिसणार. हीच चूक मला सर्वांत महागात पडली. एका कार्यालयाने सगळ्या गाळ्यांना १० बाय ३ फुटांची पाटी ठरवून दिली, आधी इमारतींची मापं घेतलीच नाहीत, आणि लावलेल्या पाट्या पुन्हा उतरवाव्या लागल्या.

माप इमारतीकडून घ्यायचं असतं. समजा, दोन खांबांमधला गाळा २४० सेंमी रुंद आहे, शटरचा माथा जमिनीपासून २७० सेंमीवर आणि वरच्या सज्जाचा तळ ३३० सेंमीवर. म्हणजे पाटीला पट्टा मिळतो ६० सेंमीचा. वर-खाली साडेसात सेंमी सोडले की पाटी ४५ सेंमी उंच, आणि रुंदीला खांबांच्या आतच. इथे १० बाय ३ ची पाटी दोन्ही खांब झाकते आणि ३० सेंमी जास्त उंच असल्याने सज्जाचे कोरीव टेकू तरी गिळते, नाहीतर दार तरी. म्हणून नियमात आकडा न लिहिता 'खांबांच्या आत, शटर आणि सज्जाच्या मध्ये' असं लिहा. खांब आणि सज्जे मोकळे राहिले की रस्ता आपोआप एका सुरात दिसतो. मग रंग आणि अक्षरांचं वळण दुकानदारावर सोडा, रस्त्याची रया त्यातच आहे.

अक्षरांची उंची मात्र शिरोरेखेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा, असं स्पष्ट लिहा. वर वेलांट्या, खाली उकार यांना वेगळी जागा लागते. ४५ सेंमीच्या पाटीत १८ सेंमीचं अक्षर आणि वर-खाली ९-९ सेंमी धरले तर कडेला साडेचार सेंमी उरतात. एवढं अक्षर ८-१० मीटर रुंद रस्त्यापलीकडून आरामात वाचता येतं. हे न लिहिल्यास रोमन अक्षरं पाटी भरून बसतात आणि देवनागरी आक्रसते.

भिंतीच्या कडेने चालणाऱ्याला दुकानावरची ही पाटी तिरकी दिसते, वाचता येत नाही. त्याच्यासाठी प्रत्येक दुकानाला भिंतीला काटकोनात एक छोटी लटकती पाटी द्या: ६० बाय ६० सेंमीच्या आत, तळ जमिनीपासून किमान अडीच मीटरवर. हिचा आकार कुलूप, कात्री, तपेली, काहीही असू द्या. माझ्या मते बाजाराची खरी गंमत इथे असते.

बसवताना भोकं दगडात किंवा विटेत न पाडता दरजांमध्ये पाडा, दरज पुन्हा भरता येते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि पाटीमागे तीनेक सेंमी पोकळी ठेवा. पाटी चुन्याच्या गिलाव्याला चिकटली की मागची ओल सुकत नाही. पाटीखाली काळपट डाग आणि पोपडे दिसू लागले तर समजा, तेच झालंय. लाकडी सज्जाला लटकती पाटी टांगण्याआधी मात्र लाकूड जाणकाराला दाखवा, ते मी इथून सांगू शकत नाही.

जाता जाता: आतून उजळणारे प्लास्टिकचे डबे बंद करा, वरून पिवळसर दिवा पुरतो.